प्रकल्प नोंदी: ‘हात’ आणि ‘हाथ’ यांच्या मागचं रूप शोधताना

३ जून २०२४, पुणे

कामाची मर्यादा आज ठरली. मराठी, गुजराती, हिंदी आणि पंजाबी या चार भाषांतले रोजच्या वापरातले शब्द समोर ठेवायचे आणि त्यांच्या समाईक पूर्वज भाषेतली रूपं बांधायची. प्राकृत आणि संस्कृतचे कोश शेवटपर्यंत बंद. इथे ताळा पाहायला जुने ग्रंथ आहेत, म्हणून पद्धत तपासून घ्यायला हा गट उत्तम. आधी आपण बांधायचं, मग ग्रंथांतली रूपं उघडायची.

सगळे ध्वनी एकदम घेतले तर पसारा आवरत नाही. म्हणून फक्त महाप्राण व्यंजनं घेतली आहेत: ख, घ, झ, ठ, थ, ध, भ आणि त्यांच्याबरोबर ह. मराठीत ‘हात’ आणि हिंदीत ‘हाथ’ का, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण त्याचं नीट उत्तर द्यायला तौलनिक पद्धतीच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

यादी सुमारे २०० शब्दांची आहे: शरीराचे अवयव, संख्या, प्राणी, घरातल्या वस्तू, साधी क्रियापदं. असे शब्द सहसा उसने घेतले जात नाहीत. तरी तत्सम शब्द घुसतातच. ‘मन’ चारही भाषांत ‘मन’ आहे. इतका तंतोतंत मेळ दिसला की आनंद मानायचा नाही, संशय घ्यायचा. हजार-दीड हजार वर्षं वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकमेकांपासून थोडे तरी सरकलेले असतात, आणि ते सरकणं ठरावीक रीतीचं असतं. भिक्षा, स्कंध, स्तंभ हे त्याच कारणाने वगळले. त्यांची घरगुती भावंडं, म्हणजे भीक, खांदा, खांब, ठेवली.

६ जून

पहिला तक्ता तयार. क्रम मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी असा.

सात – सात – सात – सत्त
माथा – माथुं – माथा – मत्था
हात – हाथ – हाथ – हत्थ

शब्दांचं साम्य बघायचं नाही, ध्वनींचा संवाद बघायचा. पहिल्या ओळीत त : त : त : त्त असा संवाद आहे. दुसरीत थ : थ : थ : त्थ. तिसरीत मराठीत त, पण उरलेल्या तिन्हींत थ.

पहिल्या दोन ओळींचं उत्तर सरळ आहे. पूर्वज भाषेत एकीकडे *त्त होता, दुसरीकडे *त्थ. (तारा म्हणजे कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, आपण बांधलेलं रूप.) जोडव्यंजन धरलं ते पंजाबीमुळे. पंजाबीत ऱ्हस्व स्वर आणि मागे जोडव्यंजन, तर बाकी तिघींत दीर्घ स्वर आणि एकेरी व्यंजन. जोडव्यंजन सैल होऊन आधीचा स्वर लांबणं ही सर्वत्र आढळणारी वाट आहे. शिवाय उलटं धरलं तर ‘पाणी’ पंजाबीतही ‘पाणी’च का राहिलं, याचं कारण देता येत नाही.

तिसऱ्या ओळीत मात्र घाईने *त्त किंवा *त्थ लिहून टाकायचं नाही. नियमानुसार प्रत्येक वेगळा संवाद हा सुरुवातीला वेगळा पूर्वज ध्वनी मानावा लागतो. दोन संवाद एकाच ध्वनीचे आहेत हे दाखवून द्यायची जबाबदारी आपली.

१० जून

दाखवायची रीत अशी. दोन संवाद शेजारी ठेवायचे आणि प्रत्येकाभोवतीचा परिसर लिहून काढायचा. दोन्ही एकाच परिसरात येत असतील तर ते दोन ध्वनी. एक जिथे येतो तिथे दुसरा कधीच येत नसेल, तर तो एकच ध्वनी, आणि परिसरामुळे त्याचा दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी विकास झाला.

थ राखणारे मराठी शब्द: माथा, पोथी, पाथरवट. थचा त करणारे: हात, हत्ती. दुसऱ्या गटाची सुरुवात ह ने होते, पहिल्याची म आणि प ने. दोन शब्दांवर नियम बांधणं धोक्याचं, म्हणून बाकीच्या व्यंजनांकडे वळलो.

‘हत्ती’च्या ओळीत पंजाबीचं ‘हाथी’ खोडलं. पंजाबीच्या स्वतःच्या चालीने तिथे ऱ्हस्व स्वर आणि जोडव्यंजन हवं होतं. दीर्घ ‘हा’ सांगतो की शब्द बहुधा हिंदीकडून आला. एक साक्षीदार गेला, ओळ शिल्लक आहे.

१३ जून

आज चित्र उघडलं. मराठी रूप आधी, हिंदी नंतर.

भूक – भूख
भीक – भीख
खांब – खंभा
झांज – झाँझ
धंदा – धंधा
हट्ट – हठ

या सगळ्यांत मराठीने दुसरा महाप्राण सोडला आहे. याउलट लाख, राख, काख, आठ, ओठ, दूध, आंधळा, वांझ, जीभ, वाघ या शब्दांत मराठीने तो जपला आहे. आता सुरुवातीची व्यंजनं पाहा. पहिल्या गटात भ, भ, ख, झ, ध, ह. दुसऱ्या गटात एकही शब्द महाप्राणाने किंवा ह ने सुरू होत नाही. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत पाचही वर्गांत तीच विभागणी.

नियम मग एका वाक्यात मांडता येतो: शब्दाची सुरुवात महाप्राणाने किंवा ह ने होत असेल, तर त्यानंतरचा महाप्राण मराठीत अल्पप्राण होतो. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात. जवळजवळची दोन सारखी उच्चारणं जड जातात आणि त्यांतलं एक सुटतं.

याचा अर्थ ‘हात’चा त आणि ‘माथा’चा थ हे पूर्वज भाषेत एकच: *हत्थ, *मत्थ-. तिसरा ध्वनी मानायची गरज उरली नाही.

१८ जून

आजचा दिवस एकट्या ‘खांदा’ला दिला, आणि तो सार्थकी लागला.

मराठी खांदा
गुजराती खांध
हिंदी कंधा
पंजाबी: रोजचा शब्द ‘मोढा’, वेगळ्या मुळाचा, म्हणून जागा रिकामी

मराठीत पुढे ख, मागे द. हिंदीत पुढे क, मागे ध. गुजरातीत दोन्ही महाप्राण. बहुमत मोजायला गेलं तर प्रत्येक जागी दोन विरुद्ध एक असा कौल पडतो आणि योगायोगाने *खंध- हेच उत्तर येतं. पण उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. यादीत गुजरातीऐवजी आणखी एखादी हिंदीसारखी भाषा असती तर बहुमताने *कंध- दिलं असतं.

योग्य प्रश्न हा: कोणतं पूर्वरूप धरलं तर प्रत्येक भाषेतलं रूप त्या भाषेच्या ज्ञात नियमाने निघतं? *कंध- धरलं तर मराठीतला ख कुठून आला, आणि मागचा ध का गेला, दोन्हीला उत्तर नाही. मराठी क आपणहून ख करत नाही (‘कान’ ‘कान’च राहतो), आणि पुढे महाप्राण नसताना ध सोडत नाही (‘आंधळा’ पाहा). *खांद- धरलं तर हिंदी आणि गुजरातीतला ध हवेतून काढावा लागतो. *खंध- धरलं की मराठीचं रूप १३ जूनच्या नियमाने आपोआप निघतं आणि गुजरातीत काही करावंच लागत नाही. हिंदीने पुढचा महाप्राण सोडला एवढंच स्वतंत्रपणे नोंदवावं लागतं. तो हिंदीचा सरसकट नियम नाही, कारण भूख, भीख, खंभा यांत हिंदीने दोन्ही जपले आहेत. ‘कंधा’पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

या ओळीतून मराठीची साक्षीदार म्हणून मर्यादाही कळते. नुसत्या मराठीवरून ‘हात’च्या मागे *त्त होता की *त्थ, हे कुणालाही सांगता येणार नाही. मराठीत तो भेद या परिसरात पुसला गेला आहे. पुसलेला भेद परत मिळतो तो दुसऱ्या भाषेत टिकला असेल तरच.

२० जून

परवाच्या नोंदीवरून मराठी कच्ची साक्षीदार वाटेल, म्हणून उलट बाजूची नोंद. पाणी – पाणी – पानी – पाणी आणि कान – कान – कान – कन्न. हिंदीत दोन्हीकडे न. मराठी आणि गुजरातीत एकीकडे ण, दुसरीकडे न. ‘जाणणे’ पहिल्या गटात, ‘जुना’ दुसऱ्या. म्हणजे पूर्वज भाषेतला एकेरी आणि जोड असा अनुनासिकांचा भेद मराठीने ण आणि न यांत धरून ठेवला, हिंदीने हरवला. साक्षीदार भाषा सरसकट चांगली किंवा वाईट नसते. कोणत्या प्रश्नावर विचारतो त्यावर ते ठरतं.

२१ जून

पंजाबीच्या नोंदी पुन्हा ऐकल्या. लिहिताना ‘भुक्ख’, पण बोलताना सुरुवातीला प ऐकू येतो आणि स्वर खालच्या सुरात जातो. पंजाबीत घोष महाप्राणांचा महाप्राण जाऊन त्याची जागा सुराने घेतली आहे. अघोष ख, थ, ठ तसेच आहेत. केवळ कानाने लिहून घेणारा ‘पुक्ख’ लिहील आणि पुढचा महाप्राण पंजाबीत नाहीच असं समजेल. म्हणून भ, ध, घ, झ यांच्यापुरता तक्त्यात सूर हा वेगळा रकाना केला. शब्दाच्या सुरुवातीला खालचा सूर हीच तिथल्या जुन्या महाप्राणाची खूण.

कोकणी घ्यावी का, हा प्रश्न आला. कोकणीतही हात, भूक. ते मराठीच्या नियमाला दुजोरा म्हणून घ्यायचा मोह होतो, पण घेता येत नाही. गोव्याच्या बोलीत दूध ‘दूद’ होतं, जीभ ‘जीब’. शब्दामागचा महाप्राण तिथे सरसकटच जातो. त्यामुळे कोकणीचा ‘हात’ आपल्या नियमाने झाला की त्या सरसकट बदलाने, हे वेगळं काढता येत नाही. मात्र कोकणीत पाठीला ‘फाट’ आणि दगडाला ‘फातर’ म्हणतात: मागचा महाप्राण पुढच्या व्यंजनावर उडी मारून बसला. ही उडी पुढे कामाला येईल.

२६ जून

नियम मांडला की आपणच तो मोडायचा प्रयत्न करायचा. मराठी शब्दांची साधी मजकूर फाईल घेतली, एका ओळीत एक शब्द, आणि दोन महाप्राण असलेले सगळे शब्द बाहेर काढले:

```
grep -P '^[खघछझठढथधफभह].*[खघछझठढथधफभ]' marathi.txt
```

टर्मिनल यूटीएफ-८ वर नसेल तर हा आदेश एका अक्षराचे तुकडे पाडून भलतेच शब्द दाखवतो. त्यामुळे आधी ‘भूक’ आणि ‘भूख’ अशा दोनच ओळींच्या फाईलवर चालवून पाहावा. फक्त ‘भूख’ आला पाहिजे.

जे शब्द आले त्यांची विल्हेवाट अशी. धडधड, भरभर, खळखळ: अनुकरणवाचक द्विरुक्ती. इथे दुसरा भाग पहिल्याची नक्कल असतो, नक्कल दर वेळी नव्याने होते, म्हणून बदल टिकत नाही. घरधनी: समास, दोन शब्दांची सीमा मध्ये आहे आणि नियम सीमा ओलांडत नाही. धनाढ्य, हठयोग: तत्सम. हे तिन्ही ढीग बाजूला केल्यावर एका मुळाचा, घरगुती वाटेने आलेला आणि दोन्ही महाप्राण शाबूत असलेला शब्द हाती उरला नाही.

उलट मासे आणखी गळाला लागले. हिंदी घाघरा, घूँघट, घुँघरू. मराठीत घागरा, घुंगट, घुंगरू. यांतले काही उत्तरेकडून उसने आलेले असू शकतात. तसं असेल तर नोंद अधिकच मोलाची: उसना शब्द आला तेव्हाही नियम जिवंत होता आणि पाहुण्यालाही लागू झाला.

‘झुंजणे’ची गाठही सुटली. हिंदी जूझना, गुजराती झूझवुं, मराठी झुंजणे. मराठीत पुढे झ, मागे ज, हिंदीत नेमकं उलट. पूर्वरूप *जुज्झ- धरलं तर गुजरातीने मागचा महाप्राण पुढेही उमटवला. मराठीनेही तेच केलं आणि मग तयार झालेल्या दोन महाप्राणांपैकी मागचा आपल्या नियमाने सोडला. या क्रमात पाऊल उलटवता येत नाही. आधी विषमीकरण घडलं असतं तर त्याला सोडायला दुसरा महाप्राणच नव्हता. (कोकणी ‘फाट’सारखी एका दमातली उडी हाही पर्याय आहे. गुजरातीचं मधलं रूप हाताशी असल्याने पहिला जास्त बळकट.)

१ जुलै

उरलेल्या ढिगात चार शब्द: सुका, शिकणे, सांज, समजणे. मराठीत अल्पप्राण, हिंदीत महाप्राण (सूखा, सीखना, साँझ, समझना), पण सुरुवातीला ह किंवा महाप्राण नाही. नियमात बसत नाहीत.

‘सुका’ सोडवता आला. गुजराती सूकुं, पंजाबी सुक्का. तीन भाषांत महाप्राण नाहीच. इथे मराठीने काही सोडलेलं नाही, पूर्वज भाषेतच *सुक्क- आणि *सुक्ख- अशी दोन रूपं नांदत असावीत आणि हिंदीने दुसरं उचललं. सांज आणि समज गुजरातीतही ज घेऊनच आहेत, म्हणजे तो मराठी-गुजरातीचा सामायिक प्रश्न. राहिला ‘शिकणे’: गुजराती शीखवुं, पंजाबी सिक्खणा. मराठी एकटी.

सुरुवातीचा स किंवा श सुद्धा महाप्राण घालवतो, असं म्हणून चौघांना एका दोरीत ओवता येईल का? नाही. साठ, सुंठ, सांधा हे शब्द मराठीत महाप्राण धरून आहेत. अपवाद झाकण्यापुरता बेतलेला नियम असा लगेच उघडा पडतो.

४ जुलै

कोश उघडले, ताळा पाहिला. प्राकृतात हत्थ, हत्थि, खंध, खंभ, भिक्खा, भुक्खा, जुज्झ. बांधलेली रूपं जुळली. ‘सुक्क’ आणि ‘सुक्ख’ दोन्ही प्राकृतात आहेत, तो अंदाजही टिकला.

भूक या शब्दाचा प्रवास जरा जवळून पाहण्याजोगा आहे. संस्कृतात बुभुक्षा, भुज् धातूचं इच्छादर्शक रूप. द्विरुक्तीने *भुभुक्षा व्हायला हवं होतं, पण संस्कृतात अशा वेळी पहिला महाप्राण सुटतो. दधाति हे *धधाति नाही, तसंच. हेर्मान ग्रासमान यांनी १८६३ मध्ये संस्कृत आणि ग्रीक दोन्हींतली ही चाल मांडली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे प्राकृतात शब्दाचं पहिलं अक्षर गळून भुक्खा उरलं, आणि मराठीने त्यातला दुसरा महाप्राण सोडून भूक केलं. एकाच शब्दावर विषमीकरण दोनदा घडलं, दोन वेगळ्या काळांत आणि दोन उलट दिशांनी: संस्कृतात पुढचा महाप्राण जातो, मराठीत मागचा. म्हणून मराठीचा हा नियम ग्रासमान यांच्या नियमाचा वारसा म्हणून दाखवता येत नाही. मधल्या प्राकृतात दोन्ही महाप्राण धडधाकट उभे आहेत.

बंगालीतही हाताला ‘हात’च म्हणतात. त्यावरून मराठी आणि बंगाली यांचं जवळचं नातं काढू नये. असा बदल कुठेही स्वतंत्रपणे घडू शकतो, आणि वंशवृक्षाच्या फांद्या अशा सहज बदलांवर बेतल्या की चुकतात.

काळ ठरवणं अवघड जातं. ज्ञानेश्वरीत ‘हातीं’ आहे, पण तेवढ्यावर १२९० च्या सुमारास बदल पूर्ण झाला होता असं लिहिता येणार नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये पाठशुद्धी केली आणि पोथ्यांच्या नकला त्यानंतरही होत राहिल्या. नकलणारा हात आपल्या काळचं लेखन नकळत आत आणतो. शिलालेखांतली रूपं त्या मानाने भरवशाची, कारण दगडावरची नोंद पुन्हा नकलली जात नाही. पुढची तपासणी तिथून.

८ जुलै

अंतिम तक्त्यात ‘शिकणे’ वेगळ्या रकान्यात ठेवलं. पूर्वरूप *सिक्ख-, गुजराती-हिंदी-पंजाबीच्या आधारे. मराठी रूपापुढे शेरा: ‘महाप्राणलोप, कारण अनिश्चित’. सांज आणि समज यांना मराठी-गुजराती असा संयुक्त शेरा दिला. त्यांच्यासाठी कच्छी आणि सिंधीची रूपं गोळा करायची आहेत. तिथे झ टिकला असेल तर बदल मराठी-गुजरातीपुरता, तिथेही ज असेल तर तो त्याहून जुना धरावा लागेल.